विंशोत्तरी दशा: पत्रिकेवरून वयानुसार चालू महादशा आणि अंतर्दशा कशी काढावी

माझ्या पत्रिकेत दशांचे कोष्टक पहिल्यापासून होते, आणि तरीही जवळजवळ वर्षभर मी स्वतःची महादशा चुकीची सांगत होतो. कोष्टकात प्रत्येक ग्रहासमोर एक तारीख छापलेली होती. त्या तारखेला ती दशा सुरू होते, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या तारखेला ती संपत होती. ज्या दशेची मी वाट पाहत होतो ती कधीचीच चालू होती. गणित अवघड नसते, पण कोठून मोजायचे आणि काय वजा करायचे हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून पुढे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवून दाखवले आहे. दशेचे फल काय, ती चांगली की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. एका विशिष्ट वयाच्या व्यक्तीला कोणती दशा चालू आहे, एवढेच येथे शोधायचे आहे.

आधी हाताशी काय असावे

- पत्रिकेतील स्पष्टग्रहांचे कोष्टक, विशेषतः चंद्राची राशी, अंश आणि कला. जुन्या हस्तलिखित पत्रिकेत हे नसेल तर ‘भयात’ आणि ‘भभोग’ या नोंदी.
- पत्रिकेत छापलेले विंशोत्तरी महादशांचे कोष्टक आणि ‘भोग्य दशा’ ही नोंद, असल्यास.
- जन्मतारीख आणि जन्मवेळ, आणि ती वेळ कितपत खात्रीची आहे याची माहिती.
- ती पत्रिका कोणत्या पंचांगावरून किंवा कोणत्या अयनांशावरून मांडली आहे याची नोंद. ती बहुधा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात असते.
- कागद, पेन आणि साधा गणकयंत्राचा आधार.

१. कोष्टक विंशोत्तरीचेच आहे याची खात्री करा

दशापद्धती अनेक आहेत. संगणकावर काढलेल्या जाड पत्रिकेत विंशोत्तरीबरोबर योगिनी दशा आणि कधी अष्टोत्तरी दशाही छापलेली असते, आणि पाने उलटताना त्यांची सरमिसळ होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. विंशोत्तरीचे पूर्ण चक्र १२० वर्षांचे असते, अष्टोत्तरीचे १०८ वर्षांचे आणि योगिनीचे ३६ वर्षांचे. अष्टोत्तरीत केतूला दशाच नसते. योगिनीत मंगला, पिंगला, धान्या अशी नावे येतात. कोष्टकात केतूला ७ आणि शुक्राला २० वर्षे दिलेली दिसली, की आपण योग्य पानावर आहोत.

विंशोत्तरीचा क्रम आणि वर्षे कायम ठरलेली आहेत: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, आणि पुन्हा केतू. हा क्रम पाठ होण्यासाठी जुने लोक कृत्तिका नक्षत्रापासून ‘आ-चं-कु-रा-जी-श-बु-के-शु’ असे म्हणत. आदित्य, चंद्र, कुज म्हणजे मंगळ, राहू, जीव म्हणजे गुरू, शनी, बुध, केतू, शुक्र. एकदा हे तोंडात बसले की पुढे कोष्टकाची गरज फारशी उरत नाही.

२. चंद्र कोणत्या नक्षत्रात किती पुढे गेला आहे ते पाहा

जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्या नक्षत्राच्या स्वामीची दशा जन्मतः चालू असते. लग्न किंवा रवीचे नक्षत्र येथे उपयोगाचे नाही. अश्विनीचा स्वामी केतू, भरणीचा शुक्र, कृत्तिकेचा रवी असे वरच्याच क्रमाने नऊ नक्षत्रे झाली की मघापासून पुन्हा केतू आणि मूळपासून तिसऱ्यांदा केतू येतो.

आता आपले उदाहरण. समजा पत्रिकेत चंद्रासमोर ‘७-९-१६’ असे लिहिले आहे. पहिला सापळा इथेच आहे. सात म्हणजे सातवी रास, म्हणजे तूळ, असे वाटते. पण या पद्धतीच्या लेखनात पहिला आकडा पूर्ण झालेल्या राशींचा असतो. चंद्राने सात राशी ओलांडल्या आहेत आणि तो आठव्या, म्हणजे वृश्चिक राशीत ९ अंश १६ कलांवर आहे. शंका असेल तर कुंडलीच्या चौकोनात चंद्र कोणत्या राशीत लिहिला आहे ते पाहावे. तेथे ८ हा राशीचा आकडा असेल, तर आपले वाचन बरोबर आहे.

नक्षत्र काढण्यासाठी सगळ्याच्या कला करून घेणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. सात राशींचे २१० अंश, त्यात ९ अंश १६ कला मिळवल्या की २१९ अंश १६ कला होतात. एका अंशाच्या ६० कला धरून हे १३,१५६ कला भरतात. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे असते. १३,१५६ ला ८०० ने भागले की भागाकार १६ येतो आणि बाकी ३५६ उरते. म्हणजे सोळा नक्षत्रे पूर्ण झाली, चंद्र सतराव्या नक्षत्रात, अनुराधेत आहे, आणि अनुराधेच्या ८०० पैकी ३५६ कला त्याने ओलांडल्या आहेत. स्वामी शोधण्यासाठी १७ ला ९ ने भागावे. बाकी ८ उरते आणि केतूपासून आठवा ग्रह शनी आहे. (बाकी शून्य आली तर नववा, म्हणजे बुध.) या व्यक्तीचा जन्म शनीच्या महादशेत झाला.

३. भोग्य दशा काढा, म्हणजे जन्मानंतर किती उरली ते पाहा

दशा जन्माच्या क्षणी पहिल्यापासून सुरू होत नाही. ती आधीच चालू असते आणि चंद्राने नक्षत्राचा जेवढा भाग ओलांडला, तेवढा दशेचाही भाग संपलेला असतो. संपलेल्या भागाला भुक्त आणि उरलेल्या भागाला भोग्य म्हणतात.

अनुराधेच्या ८०० पैकी ३५६ कला गेल्या, म्हणून ४४४ उरल्या. शनीची १९ वर्षे गुणिले ४४४, भागिले ८०० केल्यावर १०.५४५ वर्षे येतात. दशांशाचे महिने आणि दिवस करताना अनेकांचा गोंधळ होतो. १०.५४५ म्हणजे १० वर्षे ५ महिने नव्हे. ०.५४५ ला १२ ने गुणले की ६.५४ महिने येतात. त्यातले ६ ठेवून ०.५४ ला ३० ने गुणले की सुमारे १६ दिवस येतात. म्हणून भोग्य दशा १० वर्षे ६ महिने १६ दिवस. पत्रिकेत हा आकडा छापलेला असेल तर तो आपल्या आकड्याशी ताडून पाहावा. दोन-चार दिवसांचा फरक पडला तर तो विकला सोडून दिल्यामुळे असतो, त्याची चिंता नको. महिन्यांचा किंवा वर्षांचा फरक पडला तर मात्र थांबावे. त्याचे कारण बहुधा सातव्या पायरीत सापडते.

जुन्या पत्रिकेत चंद्राचे अंश नसले, तरी भयात आणि भभोग असतात. भभोग म्हणजे त्या नक्षत्राचा एकूण काळ आणि भयात म्हणजे त्यापैकी जन्मापर्यंत गेलेला काळ, दोन्ही घटी-पळांत. समजा भभोग ६२ घटी ३० पळे आहे आणि भयात २५ घटी आहे. उरल्या ३७ घटी ३० पळे, म्हणजे एकूण काळाचा ०.६ भाग. दशा शनीची असेल तर १९ च्या ०.६ पट, ११.४ वर्षे, म्हणजे ११ वर्षे ४ महिने २४ दिवस भोग्य. चंद्राची गती रोज सारखी नसते, म्हणून या रीतीने आलेले उत्तर अंशांवरून काढलेल्या उत्तराशी दिवसादिवसापर्यंत जुळेलच असे नाही.

केवळ ‘अनुराधा, दुसरे चरण’ एवढीच नोंद असेल तर नेमकी भोग्य दशा निघत नाही. एक चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग, आणि शनीच्या बाबतीत चौथा भाग म्हणजे पावणेपाच वर्षे. दुसऱ्या चरणावरून भोग्य दशा साडेनऊ आणि सव्वाचौदा वर्षांच्या दरम्यान आहे, एवढेच कळते. तेवढ्यावर महादशा कधी कधी सांगता येते, पण अंतर्दशा सांगू नये.

४. तारखा बाजूला ठेवून वयाची पट्टी तयार करा

येथे मी स्वतः शोधलेली सोय सांगतो. बहुतेक लोक लगेच जन्मतारखेत वर्षे मिळवू लागतात आणि महिन्यांच्या हिशेबात अडकतात. त्याऐवजी प्रत्येक महादशा कोणत्या वयाला संपते, याची पट्टी करावी. पहिली ओळ भोग्य दशेची, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत त्या ग्रहाची पूर्ण वर्षे मिळवत जायची. महिने आणि दिवस सगळीकडे तेच राहतात, त्यामुळे मिळवायची असतात ती फक्त वर्षे.

| महादशा | संपते तेव्हाचे वय (वर्षे-महिने-दिवस) |
|---|---|
| शनी (भोग्य) | १०-६-१६ |
| बुध | २७-६-१६ |
| केतू | ३४-६-१६ |
| शुक्र | ५४-६-१६ |
| रवी | ६०-६-१६ |
| चंद्र | ७०-६-१६ |
| मंगळ | ७७-६-१६ |
| राहू | ९५-६-१६ |

पट्टी बरोबर झाली की नाही हे पाहण्याची खूण हीच: सगळ्या ओळींत महिने-दिवस सारखे असले पाहिजेत. एखाद्या ओळीत ते बदलले, तर त्या ओळीच्या बेरजेत चूक आहे.

छापील कोष्टक वापरत असाल तर तारखा आरंभाच्या आहेत की शेवटच्या, हे आधी ठरवा. कोष्टकाच्या मथळ्यावर विसंबू नका, कारण पुष्कळदा मथळा नसतोच. बुध आणि केतू या लागोपाठच्या दोन ओळी घ्या. त्यांच्या तारखांमधले अंतर १७ वर्षे असेल, तर बुधासमोरची तारीख बुध सुरू होण्याची आहे. अंतर ७ वर्षे असेल, तर केतूसमोरची तारीख केतू संपण्याची आहे. मी हे आधी करून पाहिले असते, तर सुरुवातीला सांगितलेली चूक झालीच नसती.

५. पूर्ण वय लिहा आणि महादशा ओळखा

आपल्याकडे ‘बेचाळिसावे लागले’ असे म्हणतात तेव्हा त्या माणसाची ४१ वर्षे पूर्ण झालेली असतात. दशेच्या गणिताला पूर्ण झालेली वर्षे, महिने आणि दिवस लागतात. लागलेले वर्ष वापरले तर उत्तर एका वर्षाने पुढे जाते, आणि अंतर्दशा सहज चुकते.

समजा आपल्या उदाहरणातील व्यक्तीचे आजचे वय ४१ वर्षे ३ महिने १० दिवस आहे. पट्टीत हे वय केतू संपण्याच्या (३४-६-१६) आणि शुक्र संपण्याच्या (५४-६-१६) मध्ये बसते. म्हणून महादशा शुक्राची. तिच्यातला किती काळ गेला, ते काढण्यासाठी ४१-३-१० मधून ३४-६-१६ वजा करावे. दहा दिवसांतून सोळा जात नाहीत, म्हणून एक महिना उसना घेऊन ४० मधून १६ गेले, राहिले २४. उरलेल्या २ महिन्यांतून ६ जात नाहीत, म्हणून एक वर्ष उसने घेऊन १४ मधून ६ गेले, राहिले ८. वर्षे ४० वजा ३४, राहिली ६. शुक्राच्या महादशेतील ६ वर्षे ८ महिने २४ दिवस झाले आहेत.

६. महादशेच्या आतली अंतर्दशा शोधा

महादशेच्या पोटात नऊही ग्रहांच्या अंतर्दशा येतात. पहिली अंतर्दशा नेहमी महादशा-स्वामीची स्वतःची, आणि पुढे तोच ठरलेला क्रम. शुक्राच्या महादशेत पहिला शुक्र, मग रवी, चंद्र, मंगळ, राहू, असे.

कालावधी काढण्याची तोंडी रीत फार सोयीची आहे. दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करावा. शेवटचा अंक सोडून जी संख्या उरते तेवढे महिने, आणि त्या शेवटच्या अंकाची तिप्पट तेवढे दिवस. शनीमध्ये बुध पाहायचा असेल, तर १९ गुणिले १७ म्हणजे ३२३. त्याचे ३२ महिने ९ दिवस, अर्थात २ वर्षे ८ महिने ९ दिवस. शुक्राची वर्षे २० असल्यामुळे त्याच्या महादशेत शेवटचा अंक नेहमी शून्य येतो आणि दिवसांचा त्रासच उरत नाही.

शुक्रात शुक्र ४०० म्हणजे ४० महिने, ३ वर्षे ४ महिने. त्यानंतर रवी १२ महिने, म्हणजे ४ वर्षे ४ महिन्यांपर्यंत. मग चंद्र २० महिने, म्हणजे ६ वर्षे पूर्ण होईपर्यंत. मग मंगळ १४ महिने, म्हणजे ७ वर्षे २ महिन्यांपर्यंत. आपल्याला महादशेतील ६ वर्षे ८ महिने २४ दिवस हवे आहेत आणि ते मंगळाच्या भागात पडतात. उत्तर: शुक्र महादशा, मंगळ अंतर्दशा, तिच्यातील ८ महिने २४ दिवस झालेले आणि ५ महिने ६ दिवस बाकी.

येथपर्यंत सगळे सरळ आहे. खरी फसगत जन्माच्या वेळी चालू असलेल्या महादशेत होते, म्हणजे लहान मुलांच्या पत्रिकेत. समजा ह्याच पत्रिकेत वय ४ वर्षे असतानाची दशा हवी आहे. महादशा शनीची, हे उघड आहे. नवखा माणूस जन्मापासून शनीत शनी, मग शनीत बुध, असे मोजतो. शनीत शनी ३६ महिने ३ दिवस, त्यानंतर बुध, म्हणून चौथ्या वर्षी शनीत बुध, असे त्याचे उत्तर येते. ते चूक आहे. अंतर्दशा महादशेच्या मूळ आरंभापासून मोजायच्या असतात, आणि तो आरंभ जन्माच्या आधी होऊन गेलेला असतो. १९ वर्षांतून भोग्य १०-६-१६ वजा केले की भुक्त ८ वर्षे ५ महिने १४ दिवस येतात. त्यात वयाची ४ वर्षे मिळवली की महादशेच्या आरंभापासूनचे १२ वर्षे ५ महिने १४ दिवस होतात. आता शनीच्या अंतर्दशा एकामागून एक मिळवत जाऊ:

- शनी ३-०-३ पर्यंत
- बुध ५-८-१२ पर्यंत
- केतू ६-९-२१ पर्यंत
- शुक्र ९-११-२१ पर्यंत
- रवी १०-११-३ पर्यंत
- चंद्र १२-६-३ पर्यंत

१२-५-१४ हा काळ चंद्राच्या भागात येतो, म्हणून चौथ्या वाढदिवशी शनीत चंद्र चालू आहे आणि त्याचे जेमतेम १९ दिवस उरले आहेत. या यादीवरून आणखी एक गोष्ट कळते. जन्माच्या वेळी ८-५-१४ झाले होते, म्हणजे जन्मच शनीतील शुक्राच्या अंतर्दशेत झाला; शनीतील शनी, बुध आणि केतू या व्यक्तीच्या वाट्याला आलेच नाहीत. काही जण उरलेल्या साडेदहा वर्षांत नऊही अंतर्दशा प्रमाणाने दाटीवाटीने बसवतात. ती रीत विंशोत्तरीची नाही.

दुसऱ्या महादशेपासून पुढे ही अडचण राहत नाही, कारण त्या महादशा पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण भोगल्या जातात.

७. उत्तर जुळत नसेल तर कोठे पाहावे

दोन ठिकाणी काढलेल्या पत्रिकांत एकाच व्यक्तीची दशा वेगळी आली, तर गणित चुकलेच असेल असे नाही. कारणे मुख्यतः तीन असतात.

सर्वांत मोठे कारण अयनांश. आकाशातील चंद्राच्या सायन स्थानातून अयनांश वजा करून पत्रिकेतील स्थान मिळते, आणि कोणता अयनांश घ्यावा यावर मतभेद आहेत. बहुतेक पंचांगे आणि संगणक-पत्रिका चित्रापक्षीय अयनांश वापरतात. त्यालाच लाहिरी अयनांश असेही म्हटले जाते. टिळक पंचांग मात्र रैवतपक्षीय आहे आणि दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. घरातील आजोबांच्या पत्रिकांत हा फरक हमखास आढळतो. आपल्या उदाहरणातील चंद्र रैवतपक्षाने सुमारे १३ अंश १६ कलांवर जाईल. नक्षत्र अनुराधाच राहील, पण भोग्य शनी साडेदहा वर्षांवरून पाच वर्षांच्याही आत येईल, आणि पुढची सगळी पट्टी साडेपाच वर्षांहून अधिक अलीकडे सरकेल. म्हणून दोन पत्रिकांची तुलना करताना आधी अयनांश ताडावा. एका पत्रिकेतील चंद्राचे अंश घेऊन दुसरीतील भोग्य दशा वापरणे हा तर उघड घोटाळा आहे, पण तो होतो.

दुसरे कारण जन्मवेळ. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांहून थोडा अधिक चालतो, म्हणजे घड्याळाच्या एका मिनिटात साधारण अर्धी कला. शनीच्या दशेत एक कला म्हणजे सुमारे पावणेनऊ दिवस, म्हणून जन्मवेळेतील एका मिनिटाच्या चुकीने सगळी पट्टी जवळजवळ पाच दिवसांनी सरकते. वेळ प्रत्यक्षात नंतरची असेल तर दशा लवकर येतात, आणि आधीची असेल तर उशिरा. आता आपले उत्तर किती भक्कम आहे ते पाहता येते. शुक्रातील मंगळाचे ५ महिने ६ दिवस बाकी आहेत. खरा जन्म नोंदलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाहून अधिक नंतर झाला असेल, तरच आज मंगळ संपून राहू लागलेला असेल. पाच-दहा मिनिटांच्या चुकीने हे उत्तर हलत नाही. पण चार वर्षांच्या वयातील शनीत चंद्राचे १९ दिवसच उरले होते. ते उत्तर चार-पाच मिनिटांच्या फरकाने बदलते. महादशा आणि अंतर्दशा सांगताना पुढची सीमा किती दूर आहे हेही सांगावे, असे माझे मत त्यामुळेच झाले. अंतर्दशेच्या पोटातील विदशा तर काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते. ‘सकाळी साडेसातच्या सुमारास’ अशा जन्मवेळेवरून ती सांगण्यात अर्थ नाही.

येथे एक भीती मात्र अनाठायी आहे. चंद्र नक्षत्राच्या अगदी सीमेवर असेल, तर ‘जन्म शनीत की बुधात’ या प्रश्नाने लोक हवालदिल होतात. अनुराधेच्या शेवटच्या कलेवर चंद्र असला, तर शनीचे काही दिवस उरतात आणि मग बुधाची १७ वर्षे लागतात. ज्येष्ठेच्या पहिल्या कलेवर असला, तर बुधाची जवळजवळ १७ वर्षे उरलेली असतात. नक्षत्रांचा आणि दशांचा क्रम एकच असल्यामुळे जन्मदशेचे नाव बदलले, तरी पुढील आयुष्याची पट्टी काही दिवसांनीच सरकते.

तिसरे कारण वर्षाची लांबी. दशेचे वर्ष सौर, म्हणजे सुमारे ३६५ दिवसांचे आणि पाव दिवसाचे धरण्याची रीत रूढ आहे, पण काही जण ३६० दिवसांचे सावन वर्ष धरतात, आणि काही संगणक-प्रणालींत हा पर्याय निवडता येतो. फरक वर्षाला सव्वापाच दिवसांचा, लहानपणी नगण्य, पण वयाबरोबर साचत जाणारा. आपल्या उदाहरणातील व्यक्तीचे ४१ वर्षे ३ महिने १० दिवस हे वय सावन वर्षांत जवळजवळ ४१ वर्षे १०½ महिने भरते. त्या हिशेबाने शुक्राची ७ वर्षे ४ महिने झाली, आणि अंतर्दशा मंगळाची न राहता राहूची येते. दोन पत्रिकांत अयनांश सारखे, भोग्य दशाही सारखी, आणि तरीही पुढे पुढे तारखांतील अंतर वाढत जाताना दिसले, तर प्रणालीच्या मांडणीत वर्षाची लांबी कोणती निवडली आहे ते पाहावे. पहिल्या ओळीपासूनच अंतर असेल, तर अयनांश किंवा जन्मवेळ तपासावी.

८. शेवटी तारखा लिहून ठेवा

वयाची पट्टी पक्की झाल्यावर ती तारखांत उतरवणे हे केवळ बेरजेचे काम आहे: जन्मतारखेत पट्टीवरील वर्षे, महिने आणि दिवस मिळवायचे. वयाच्या पट्टीतील महिना ३० दिवसांचा धरलेला असतो आणि दिनदर्शिकेतील महिने २८ ते ३१ दिवसांचे असतात, त्यामुळे संगणकाने दिलेल्या तारखेशी एक-दोन दिवसांचा फरक पडतो. तो दुरुस्त करत बसू नये. त्याच कागदावर चंद्राचे अंश-कला, वापरलेला अयनांश, भोग्य दशा आणि धरलेली वर्षाची लांबी या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी दुसरी पत्रिका समोर आली की फरक कोठून आला हे पहिल्या ओळीतच कळते.